मुलांच्या व्हिडिओंवरच्या कमेंट आणि आवडीनुसार जाहिराती बंद करणं योग्य आहे का?

गोष्टवेल_मानेवाडा

माझं यूट्यूबवर मराठी बालगीतं आणि गोष्टींचं छोटं चॅनल आहे. मध्यंतरी सेटिंगमध्ये जाऊन सगळं चॅनल 'मुलांसाठी' असं केलं. तेव्हापासून कमेंट बंद, घंटी बंद, व्हिडिओच्या शेवटी पुढच्या गाण्याची चौकट लावता येत नाही आणि जाहिरातींचे पैसे निम्म्याहून खाली आले. नियम हवेत, पण हे नियम चुकीच्या माणसाला मारतात असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याकडे कमेंट लिहिणाऱ्या आया आणि आज्या होत्या. त्यांचं तोंड बंद करून कुठल्या मुलाचं भलं झालं? जाहिरात तर अजूनही लागतेच, फक्त स्वस्तातली. तान्हा पोळा तोंडावर आला आहे, नवे व्हिडिओ टाकायचे आहेत. हे नियम बरोबर आहेत असं कुणाला खरंच वाटतं का, आणि का?

धरमपेठची_आई

मला वाटतं. अगदी मनापासून वाटतं.

माझी मुलगी तिसरीत आहे. कागदाच्या वस्तू करायचा एक व्हिडिओ ती माझ्या फोनवर बघायची. एकदा सहज खालच्या कमेंट चाळल्या तर तिनेच लिहिलेलं: पूर्ण नाव, शाळेचं नाव, तुकडी आणि 'मला पण शिकवा, माझ्या आईचा नंबर हा'. पुढे आमचा नंबर. ती कमेंट कितीतरी दिवस तशीच होती. चॅनल चालवणाऱ्या बाई चांगल्याच असतील, पण त्यांनी ती पाहिलीच नव्हती. खाली दोन अनोळखी लोकांनी 'हाय बेटा' लिहिलं होतं.

ताई, तुमच्या आज्यांचं प्रेम मला कळतं. पण आजीला कौतुक करायचं असेल तर ती फोन करू शकते, व्हॉट्सॲपवर लिहू शकते. आठ वर्षांच्या मुलीने जगासमोर टाकलेला नंबर परत घेता येत नाही. माझं मत विचाराल तर मुलांच्या व्हिडिओवर जाहिरातच नको, कुठलीच.

व्हिडिओवाला_इतवारी

मी लोकांचे व्हिडिओ एडिट करून देतो, त्यामुळे हे रोजचं आहे. गोष्टवेल ताई, तुमचे पैसे का पडले ते सांगतो. 'मुलांसाठी' केलं की बघणाऱ्याच्या आवडीची जाहिरात लागत नाही, व्हिडिओच्या विषयावरून लागते. तिला बोली कमी लागते. शिवाय खाण्यापिण्याच्या जाहिराती त्या व्हिडिओंवर घेतच नाहीत. बिस्किटं, चॉकलेट, सरबत, सगळं गेलं. सुपर चॅट नाही, मेंबरशिप नाही. मग उरतं काय?

नियम असा आहे की फ्रेममध्ये मूल दिसलं की व्हिडिओ 'मुलांसाठी' करावाच लागतो. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, मुलं दाखवू नका, कार्टून दाखवा, आणि सगळ्या चॅनलला एकदाच `No, set this channel as not made for kids` लावून मोकळे व्हा. सगळे तेच करतात. अमेरिकेतला कायदा आहे, नागपूरच्या चॅनलला कोण विचारतंय?

अंबाझरी_सकाळ

मी बरीच वर्षं मुलांच्या ॲपसाठी जाहिरातींचं काम केलं, त्यातली काही या नियमांच्या अगदी मध्यात बसून. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इतवारीवाल्या दादांचं पैशाचं गणित बरोबर आहे. खाण्यापिण्याच्या जाहिरातींबद्दलही बरोबर आहे. पण फ्रेममध्ये मूल दिसण्याचा 'मुलांसाठी' या खुणेशी थेट संबंध नाही. व्हिडिओ कुणासाठी केला आहे, हा प्रश्न आहे. विषय कोणता, बोलणारा कुणाशी बोलतोय, चित्रं-पात्रं-गाणी लहान मुलांना ओढणारी आहेत का, प्रत्यक्षात कोण बघतंय, हे सगळं एकत्र बघायचं. त्यामुळे दादांचा सल्ला दोन्ही बाजूंनी उलटा आहे. मूल न दाखवता केलेलं कार्टून बालगीत शंभर टक्के मुलांसाठीचं आहे. आणि बडग्या-मारबतीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओत शेकडो मुलं दिसली तरी तो व्हिडिओ मुलांसाठीचा नाही.

हा गोंधळ का होतो तेही सांगतो, कारण २०१९ मध्ये यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि लोकांच्या डोक्यात त्या एक झाल्या. फेब्रुवारीत असं उघड झालं की लहान मुलं दिसतात अशा साध्यासुध्या घरगुती व्हिडिओंखाली विकृत लोक कमेंटमध्ये अमुक मिनिटाला पाहा असं लिहून एकमेकांना खुणा करत होते. मोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि यूट्यूबने मुलं दिसणाऱ्या कोट्यवधी व्हिडिओंवरच्या कमेंट बंद केल्या. तो निर्णय मूल दिसतं म्हणून होता. दुसरी गोष्ट सप्टेंबरची. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करायची नाही असा कायदा १९९८ पासून आहे, त्याला कोपा म्हणतात. यूट्यूब खेळणी विकणाऱ्या कंपन्यांना सांगत होतं की ६ ते ११ वयाच्या मुलांपर्यंत पोचण्यात आम्हीच पहिले, आणि दुसरीकडे कायद्यापुरतं म्हणत होतं की आमच्याकडे १३ खालचं कुणी नाहीच. त्यावरून तिथलं फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्क राज्याबरोबर १७ कोटी डॉलरची तडजोड झाली. जानेवारी २०२० पासून प्रत्येक चॅनलला प्रत्येक व्हिडिओबद्दल ही खूण करावी लागते, ती या दुसऱ्या गोष्टीतून आली. ही खूण व्हिडिओ कुणासाठी आहे यावर ठरते.

आता ताईंच्या मूळ तक्रारीकडे. आजीला कमेंट का करता येत नाही? कारण एकदा खूण लागली की बघणारा कोण आहे हे प्लॅटफॉर्म विचारत नाही. प्रत्येक बघणारा मूल आहे असं धरतो. साठीची आजी बघत असली तरी तिला आवडीची जाहिरात नाही आणि कमेंटची जागा नाही. कारण फोन आजीच्या नावावर असला तरी तो नातवाच्या हातात असू शकतो, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही.

धरमपेठच्या ताईंनी सांगितलं ते कमेंट बंद करण्यामागचं अगदी कायदेशीर कारण आहे. मुलाला स्वतःचं नाव-नंबर सगळ्यांसमोर लिहायला जागा देणं म्हणजेच मुलाची माहिती गोळा करणं, असं कोपा मानतो. ती विचारली नव्हती, मुलाने आपण होऊन लिहिली, हा बचाव तिथे चालत नाही.

गोष्टवेल_मानेवाडा

दादा, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण मग मला अजूनच राग येतो. मी प्रत्येक कमेंट आधी वाचून मगच दिसू देईन. नंबर असेल तर काढून टाकेन. हे करायला मी तयार आहे, रोज एक तास देईन. तरी मला ती सोय नाही. का?

अंबाझरी_सकाळ

इथे मी तुमच्या बाजूने आहे. कायद्यात ती वाट आहे. मुलाने लिहिलेलं सगळ्यांना दिसायच्या आधी त्यातली वैयक्तिक माहिती जवळजवळ पूर्ण काढून टाकली आणि आपल्या नोंदीतूनही पुसली, तर ती माहिती 'गोळा केली' असं धरत नाहीत. म्हणजे आधी वाचून मग दाखवणं कायद्याने शक्य आहे. पण त्यासाठी लाखो चॅनलवाल्यांवर भरवसा ठेवावा लागला असता, आणि मजकूर पुसला गेला की नाही याची जबाबदारी शेवटी प्लॅटफॉर्मवर आली असती. त्यांनी स्वस्त उत्तर निवडलं: सगळ्यांचंच बंद. तुम्हाला भांडायचं असेल तर 'नियम' म्हणून कायद्याशी भांडू नका, प्लॅटफॉर्मच्या या निवडीशी भांडा.

धरमपेठची_आई

मी असहमत. ताई रोज एक तास देतील, मान्य. पण त्या आजारी पडल्या तर? लग्नाला गावी गेल्या तर? एका चॅनलची बाई प्रामाणिक आहे म्हणून दार सगळ्यांना उघडायचं? मला ती 'स्वस्त' निवडच बरोबर वाटते.

अंबाझरी_सकाळ

आधी वाचून दाखवायची पद्धत असेल तर ताई गावी गेल्यावर कमेंट नुसत्या थांबून राहतील, दिसणार नाहीत. त्यात धोका वाढत नाही. पण पुसणं राहून जाईल, तो तुमचा मुद्दा खरा आहे. मला यावर पक्कं उत्तर नाही.

नंदनवन_ऑटो

मी काही शिकलेला माणूस नाई, पण विचारतो. माहा पोरगा माह्याच फोनवर पाह्यते, वेगळं खातं-बितं नाई. मधी त्याच्या ट्रॅक्टरच्या व्हिडिओत मले लोनच्या ॲपची जाहिरात येऊन राह्यली होती. पाच वर्साच्या पोट्ट्याले कर्ज कोन देते? तो बटन दाबते, मंग माह्या फोनात ॲप उतरते. हे काहून होते जी? अन् काई काई गाण्याईत असं काईच येत नाई, तेथं साबनाची नाई तर साध्या खेळन्याची जाहिरात येते.

अंबाझरी_सकाळ

दादा, तुम्ही पूर्ण वादाचं मूळ सांगितलं.

ट्रॅक्टरच्या व्हिडिओवर बहुतेक 'मुलांसाठी नाही' अशी खूण असावी. मग प्लॅटफॉर्म फोनच्या मालकाकडे बघतो. तुम्ही कधी कर्जाबद्दल काही शोधलं असेल, बँकेचा व्हिडिओ पाहिला असेल, ते सगळं त्या खात्याला चिकटलेलं असतं. ती तुमची जाहिरात आहे, पोराच्या डोळ्यांसमोर आली. गाण्यावर 'मुलांसाठी' ही खूण असेल, म्हणून तिथे तुमच्या मागच्या शोधांकडे बघायला बंदी आहे. फक्त हे गाणं आहे, लहान मुलांचं आहे, एवढ्यावर जाहिरात ठरते.

२०१३ पासून कोपात फोनची किंवा ब्राउझरची ओळख पटवणारा कायमचा क्रमांकसुद्धा मुलाची वैयक्तिक माहिती धरतात. आवडीनुसार जाहिरात त्या क्रमांकावरच चालते. म्हणून बंदी त्या माग काढण्यावर आहे, जाहिरातीवर नाही. धरमपेठच्या ताईंना सगळ्याच जाहिराती नको आहेत. ते मत म्हणून ठीक, पण हा कायदा तसं म्हणत नाही.

आणि इतवारीवाले दादा, तुमची गिऱ्हाइकं कार्टून गाण्यावर 'मुलांसाठी नाही' लावतात, तेव्हा नंदनवनच्या पोराला कर्जाची जाहिरात दिसते ती तिथूनच. पैसे जास्त मिळतात ते याच माग काढण्याचे.

व्हिडिओवाला_इतवारी

हे मान्य करायला जड जातंय, पण तुमचं म्हणणं कळलं. तरी एक विचारतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गोष्टींच्या चॅनलचा आलेख मी स्वतः पाहिला आहे. बघणारे २५ ते ३४ वयाच्या बायका. मग ते 'मुलांसाठी' कसं? आकडे खोटं बोलतात का?

अंबाझरी_सकाळ

आकडे खोटे नाहीत, ते खात्याचं वय सांगतात. फोन आईचा, खातं आईचं, वय आईचं. बालगीतांच्या चॅनलवर बहुतेक असाच आलेख दिसतो.

खरा प्रेक्षक ओळखायला दुसरीकडे बघायचं. कमेंट चालू असतील तर त्यात 'ककककगग' सारखी अक्षरं, ओळभर फुगे आणि वाघ, असं येतं का? ती बोटं लहान मुलाची असतात. तोच व्हिडिओ एकाच प्रेक्षकाने पुन्हा पुन्हा बघितल्याची चिन्हं आहेत का? मोठी माणसं एकच गोष्ट लागोपाठ बघत नाहीत. आणि सगळ्यात सोपी खूण: तुमच्या व्हिडिओत बोलणारी बाई कुणाला हाक मारते? 'चला मुलांनो' म्हणते, की 'पालकांनो, हे करून बघा' म्हणते?

राहता राहिलं कोण विचारतंय ते. नागपूरच्या चॅनलवर अमेरिकेतून नोटीस येईल असं म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्नेसारख्या कंपनीने याच कारणावरून एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आरोप होता की पूर्ण चॅनलला एकच खूण लावली आणि त्यातल्या मुलांच्या व्हिडिओंची वेगळी तपासणी केली नाही. यूट्यूबने त्यांना २०२० मध्येच कळवलं होतं की तीनशेहून जास्त व्हिडिओंची खूण आम्ही बदलली आहे. लहान चॅनलच्या बाबतीत तेच घडतं: मशीनला व्हिडिओ मुलांचा वाटला की प्लॅटफॉर्म स्वतः खूण बदलतो. मग तुम्हाला ती परत फिरवता येत नाही, फक्त दाद मागता येते.

गुरुजी_रामदासपेठ

मी निवृत्त शिक्षक आहे. नववी-दहावीच्या विज्ञानाचे प्रयोग व्हिडिओवर टाकतो. वरचं वाचून मला काळजी लागली. मी जर 'मुलांसाठी नाही' असं निवडलं तर माझे विद्यार्थी ते बघू शकणार नाहीत ना? आणि विज्ञानाच्या व्हिडिओला लोक काहीतरी प्रौढांचं समजतील. शाळेच्या ग्रुपवर पाठवायला मला संकोच वाटतो. त्यापेक्षा सरकारने मुलांच्या हातातून फोनच काढून घ्यावेत, असं माझं प्रांजळ मत आहे.

अंबाझरी_सकाळ

गुरुजी, नमस्कार. 'मुलांसाठी नाही' आणि '१८ वर्षांवरच्यांसाठीच' या दोन वेगळ्या खुणा आहेत, सेटिंगमध्ये जवळजवळ असल्याने गल्लत होते. पहिली लावल्याने कुणालाही अडवलं जात नाही. तुमचे विद्यार्थी बघतील, प्रश्नही विचारतील. नववी-दहावीचा विद्यार्थी १४-१५ वर्षांचा, म्हणजे कोपाच्या १३ च्या रेषेपलीकडे. त्यामुळे तुमच्या व्हिडिओला 'मुलांसाठी नाही' हीच खूण बरोबर आहे. प्रयोगात आम्ल वापरत असाल तर तर नक्कीच.

पण तुमच्यामुळे आपल्याकडचा कायदा आठवला. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं कुणीही. कलम ९ म्हणतं की मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवायची नाही आणि त्यांना नेमून जाहिरात दाखवायची नाही. अमेरिकेत पालकांनी परवानगी दिली तर आवडीनुसार जाहिरात चालते. आपल्याकडे पालकांनी हो म्हटलं तरी ती वाट नाही, सरकारने सवलत दिलेल्या ठरावीक कामांपुरता अपवाद आहे. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ही कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत.

तुमचा १५ वर्षांचा विद्यार्थी अमेरिकेच्या नियमात मोठा आणि आपल्या कायद्यात लहान. तुमच्या व्हिडिओवर त्याला कोणती जाहिरात दाखवायची, हा प्रश्न प्लॅटफॉर्मला सोडवावा लागेल, तुम्हाला नाही. ते कसं सोडवतील? सगळ्यांचं वय तपासून, की १८ खालच्या सगळ्यांसाठी जाहिरातींची पद्धत बदलून? वय तपासायचं म्हणजे मोठ्यांचीही कागदपत्रं मागायची. ही मला मोठी अडचण वाटते.

बैलवाला_महाल

मी लाकडी बैल विकतो. माझा सगळा धंदा पोळ्याच्या आधीच्या दिवसांत. दोन वर्षांपासून मोबाइलवर जाहिरात देतो. मला सांगा, पोट्टे ज्या व्हिडिओत बैल बघतात तिथेच माझी जाहिरात दिसायला नको का? आवडीनुसार बंद म्हणजे माझे पैसे मुंबईत बैल न घेणाऱ्याला दाखवण्यात जाणार. मोठ्या कंपन्यांना फरक पडत नाही, मरतो तो माझ्यासारखा. या नियमाला माझा विरोध आहे.

अंबाझरी_सकाळ

दादा, शहर सांगून जाहिरात देता येते. गल्ली कळेल इतकी बारीक जागा ही मुलाची वैयक्तिक माहिती धरतात, नागपूर एवढंच धरत नाहीत. तान्ह्या पोळ्याच्या गाण्यावर, नागपुरात, हे तुम्हाला चालेल असं आहे. तुमचं दुकान शोधलेल्या माणसाच्या मागे मागे जाहिरात फिरवणं मात्र तिथे जमणार नाही.

पण मी तुमच्या जागी असतो तर बैल सजवण्याच्या मोठ्यांच्या व्हिडिओवर पैसे घातले असते. बैल घेतं कोण? पोट्टा हट्ट करतो, पैसे बाप देतो.

गोष्टवेल_मानेवाडा

मग आता माझंच बघू. पोळ्यासाठी माझे तीन व्हिडिओ ठरले आहेत. एक बैलाचं गाणं, चित्रांचं. दुसरा लाकडी बैल रंगवून, झूल शिवून सजवायचा. तिसरा आमच्या वस्तीतल्या तान्ह्या पोळ्याचा, मुलं वेशभूषा करून बैल घेऊन घरोघरी बोजारा मागताना. आणि मागच्या वर्षीसारखी सजावट स्पर्धा घ्यायची आहे. त्यासाठी एक फॉर्म देते: मुलाचं नाव, वय, शाळा, व्हॉट्सॲप नंबर, बैलाचा फोटो.

अंबाझरी_सकाळ

सगळ्यात आधी पूर्ण चॅनलची खूण काढा आणि `I want to review this setting for every video` निवडा. ती एकच खूण तुमच्या बऱ्याच तक्रारींचं कारण आहे.

गाणं: मुलांसाठी. इथे कमेंट जाणार, पैसे कमी मिळणार. याला तोड नाही.

सजावट: तुम्ही कुणाशी बोलता त्यावर. ऑइल पेंट, टर्पेंटाइन, शिवणयंत्र, बाजारात लाकूड कसं पारखायचं, असं आयांशी बोलत असाल तर तो मोठ्यांचा व्हिडिओ आहे. कमेंट चालू, आज्या परत येतील, जाहिरातीही नेहमीच्या. पण तोच व्हिडिओ 'चला दोस्तांनो, आता आपण बैलाला टिकल्या लावू' असा, कार्टूनच्या आवाजात केलात तर तो मुलांसाठीचा झाला. मधलं काही निवडायला मिळत नाही. पालक आणि मूल मिळून बघतील अशा व्हिडिओसाठी तिसरी चौकट असायला हवी होती, ती नाही. म्हणून बोलायचं कुणाशी हे शूटिंगच्या आधी ठरवा. चांगल्या जाहिराती मिळाव्यात म्हणून मुलांच्या व्हिडिओत दोनदा 'पालकांनो' म्हणणं मात्र नको.

मिरवणूक: मुलांसाठीची खूण लागत नाही, पण वर सांगितलेली फेब्रुवारी २०१९ ची गोष्ट इथे लागू होते. मी या व्हिडिओवर कमेंट बंदच ठेवीन. मुलांची नावं शीर्षकात नको, शाळेचा गणवेश, घराच्या पाट्या दिसायला नकोत, आणि ज्यांची मुलं आहेत त्यांना आधी विचारा.

स्पर्धेच्या फॉर्मबद्दल जास्त काळजी वाटते. वरच्या सगळ्या गोष्टींत माहिती प्लॅटफॉर्मकडे जाते. फॉर्मची माहिती तुम्ही स्वतः गोळा करता, म्हणजे जबाबदारी तुमची. चॅनलमधून कमाई होते, त्यामुळे हे घरगुती काम आहे असं म्हणता येणार नाही. मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळून घेतलेली संमती लागेल, आणि 'मी पालक आहे' अशी चौकट टिकवून घेणं त्याला पुरेल असं मला वाटत नाही. कलमं लागू व्हायला वेळ असला तरी आत्तापासून पद्धत बदला. प्रवेश पालकाच्या नावाने घ्या: पालकाचं नाव, पालकाचा नंबर, बैलाचा फोटो. मुलाचा फोटो नको. शाळा विचारायची गरजच नाही, बक्षीस शाळेला जात नाही. गट लहान आणि मोठा असे दोन ठेवा, म्हणजे नेमकं वय लागत नाही. बक्षिसं वाटून झाली की यादी पुसून टाका.

धरमपेठची_आई

मागच्या वर्षीच्या फॉर्ममधली नावं अजून असतील ना ताई? तीही पुसा, ही माझी विनंती. आणि मिरवणुकीचा व्हिडिओ टाकूच नये असं मला वाटतं. आईबाप हो म्हणतील, पण मूल मोठं झाल्यावर त्याला काय वाटेल हे आईबाप सांगू शकत नाहीत.

गोष्टवेल_मानेवाडा

मागच्या वर्षीची यादी आजच काढून टाकते. फॉर्मही बदलते. मिरवणुकीबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. बाहेरच्या मराठी मुलांना तान्हा पोळा ठाऊकच नाही. पुण्यातल्या माझ्या भाचीने लाकडी बैल पहिल्यांदा माझ्या व्हिडिओत पाहिला. मुलांशिवाय तान्हा पोळा दाखवायचा कसा?

नंदनवन_ऑटो

बैल दाखवा ना ताई. खालून शूट करा, पाय, झूल, चाकं, घुंगराचा आवाज. पोट्ट्यायचे तोंडं कशाले पाह्यजे?

व्हिडिओवाला_इतवारी

हे जमेल. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, चालत चालत. मी येतो शूट करायला. पण एक शंका राहते, सकाळ दादा: तोंडं नसली, नुसते पाय आणि मुलांचे आवाज असले, तर मशीन त्याला मुलांचा व्हिडिओ समजून कमेंट बंद करेल का?

अंबाझरी_सकाळ

करू शकतं. मशीन कशावरून ठरवतं ते ते सांगत नाहीत. निवेदन मोठ्यांना उद्देशून ठेवा, शीर्षकात 'लहान मुलांसाठी' टाकू नका, आणि टाकल्यावर दोन-तीन दिवस खूण बदलली का ते यूट्यूब स्टुडिओत बघत राहा. बदलली तर दाद मागताना निवेदनातली पहिली दोन वाक्यं लिहून पाठवा, व्हिडिओ कुणासाठी आहे ते त्यातून कळतं. त्यानंतरही नाही ऐकलं तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

गुरुजी_रामदासपेठ

माझ्या प्रयोगांच्या व्हिडिओवर विद्यार्थी प्रश्न विचारताना नाव आणि तुकडी लिहितात, कारण वर्गात मी तशी सवय लावली होती. ते १५ वर्षांचे आहेत. त्यांना नाव न लिहिता प्रश्न विचारा म्हणून सांगू का?

धरमपेठची_आई

हो गुरुजी. आजच सांगा.